परदेशातील मुलांचा मराठी वर्ग : वेळ आणि पाठ

पुण्यातील शिक्षिका न्यू जर्सी आणि लंडनमधील मुलांना एकाच ऑनलाइन वर्गात मराठी शिकवते, तेव्हा शनिवार सोयीचा पडतो. इतर दिवशी न्यू जर्सीतील मुले शाळेतून परतून मोकळी होतात, तोवर भारतात मध्यरात्र उलटलेली असते. शनिवारी तिथे सकाळचे साडेनऊ वाजतात, तेव्हा लंडनमध्ये दुपारचे अडीच होतात. पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, तर हिवाळ्यात आठ. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये घड्याळ वर्षातून दोनदा बदलते, भारतात बदलत नाही.

घोळ होतो तो मार्चमध्ये. अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जाते, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ आणि २९ आहेत. त्यामुळे १४, २१ आणि २८ मार्चला न्यू जर्सीची वेळ तीच ठेवली, तर लंडनच्या मुलांना दीड वाजताच बसावे लागते. ऑक्टोबरअखेरच्या शनिवारीही तसेच होते. वेळापत्रकात प्रत्येक गावाची स्थानिक वेळ तारखेसह लिहिली, तर कोणाचा वर्ग चुकत नाही.

या मुलांना घरातले मराठी बहुधा समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. म्हणून पाठाचा भर बोलण्यावर हवा. आवाज थोडा उशिरा पोहोचत असल्याने पडद्यावर सगळ्यांनी एका सुरात म्हणणे जमत नाही. सहा ते आठ वर्षांची चार-पाच मुले आणि चाळीस मिनिटे असली, की प्रत्येकाची पाळी पुन्हा पुन्हा येते.

एक पाठ असा. मुले स्वयंपाकघरातून आंबा, काकडी, लिंबू आणतात आणि एकेक जण सांगतो : पिवळा आंबा, हिरवी काकडी, पिवळं लिंबू. मग वस्तू लपवायच्या. ‘काकडी कुठे आहे?’ ‘टोपलीत.’ ‘लिंबू?’ इथे मूल ‘डबात’ म्हणते. शिक्षिका नियम न सांगता ‘हो, डब्यात आहे’ असे म्हणून पुढचा प्रश्न डब्याचाच विचारते. शेवटची दहा मिनिटे लिपीसाठी : बोलून झालेल्या ‘काकडी’तला ‘का’ वहीत उतरतो.

आणखी एक चूक हमखास दिसते. घरात आई आणि वर्गात शिक्षिका ‘मी खाते’ म्हणते, म्हणून मुलगाही ‘मी खाते’ म्हणतो. वर्गात मुलगा आणि मुलगी आळीपाळीने बोलले, किंवा अधूनमधून बाबा पडद्यासमोर बसले, की ‘मी खातो’ त्याच्या कानावर पडते.

पाठ पोहोचला का, हे न शिकवलेल्या वस्तूवरून कळते. पुढच्या शनिवारी भोपळा दाखवल्यावर मुलाने आपणहून ‘पिवळा भोपळा’ म्हटले, तर रूप बसले. ‘पिवळी भोपळा’ आले, तर तोच खेळ नव्या भाज्या घेऊन पुन्हा खेळायचा.