बायोसला कुलूप असलेला जुना लॅपटॉप

कंपन्यांनी वापरून विकलेले डेल लॅटिट्यूड लॅपटॉप बाजारात स्वस्तात मिळतात. विंडोज नीट चालते, मग पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायची वेळ येते आणि F2 दाबल्यावर बायोस अ‍ॅडमिन पासवर्ड मागतो. तो जुन्या कंपनीच्या आयटी विभागाने ठेवलेला असतो. विंडोजचा पासवर्ड वेगळा. विंडोज पुन्हा टाकल्याने बायोसचे कुलूप उघडत नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून ठेवण्याचा जुना उपायही बिझनेस लॅपटॉपवर सहसा निष्फळ ठरतो, कारण तिथे पासवर्ड वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमध्ये साठवलेला असतो.

पहिली वाट विक्रेत्याकडे जाते. कंपनी शेकडो यंत्रांना बहुधा एकच पासवर्ड लावते आणि ती विकताना काढायला विसरते. त्यामुळे दुकानदाराने मूळ पुरवठादारामार्फत त्या आयटी विभागाला विचारले तर प्रश्न फुकटात सुटू शकतो. नुसता पासवर्ड कळवून घेण्यापेक्षा तो बायोसमधून काढून घेणे बरे. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर लॅपटॉप परत करून पैसे मागावेत. माल कुठून आला, ही शंकाही अशा वेळी रास्तच.

दुसरी वाट डेलकडे. तिथे सगळे सर्व्हिस टॅगवर ठरते. हा सात अक्षर-अंकांचा क्रमांक लॅपटॉपच्या तळाशी असतो. विंडोज सुरू होत असेल तर पॉवरशेलमध्ये तो असा पाहता येतो:

```
(Get-CimInstance Win32_BIOS).SerialNumber
```

पडद्यावरचा आणि तळाचा क्रमांक वेगळा निघाला, तर खालचे झाकण किंवा मदरबोर्ड बदललेला असण्याची शक्यता मोठी. मग डेलशी बोलण्याआधी दुकानदाराकडे खुलासा मागावा. क्रमांक जुळत असेल तर टॅग लिहिलेले बिल घेऊन डेलच्या संकेतस्थळावर मालकी बदलण्याचा अर्ज करावा. नोंद जुन्या कंपनीच्या नावावर राहिली, तर सपोर्टवाले मदत नाकारू शकतात. मालकीची खात्री पटल्यावर ते त्या यंत्रापुरता सुटका-पासवर्ड देऊ शकतात. मात्र जुन्या कंपनीने बायोसमध्ये ‘मास्टर पासवर्ड लॉकआउट’ चालू केले असेल, तर ही सोय बंद होते.

लेनोवोच्या थिंकपॅडवर नियम याहून कडक आहे. सुपरवायझर पासवर्ड विसरल्यास लेनोवो तो काढून देत नाही. खरेदीचा पुरावा घेऊन अधिकृत सेवा केंद्रात गेले की पैसे भरून मदरबोर्ड बदलून मिळतो, आणि जुन्या लॅपटॉपसाठी तो खर्च सहसा परवडत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा, डेलवर F2 आणि थिंकपॅडवर F1 दाबावे, आणि पासवर्ड न विचारता एखादी सेटिंग बदलता येते का ते पाहावे.