नजर झुकवणं : घरात अदब, मुलाखतीत घाबरटपणा?

आंबागडसारख्या गावात मुलं लहानपणीच शिकतात की अब्बांशी, दादांशी, उस्तादांशी डोळे वर करून बोलायचं नाही. नजर खाली म्हणजे अदब. हीच मुलं पुढे तुमसरला किंवा नागपूरला मुलाखतीला जातात, तेव्हा समोरचा म्हणतो, "खाली काय बघतोस? माझ्याकडे बघून बोल." घरातला अदब टेबलापलीकडे घाबरटपणा ठरतो, कधी तर लपवाछपवी. नजरेचे नियम जागेप्रमाणे बदलतात. ते मुलांना घरीच समजावून सांगितले, तर पुढचा गैरसमज टळतो.

किती वेळ पाहिलेलं बरं वाटतं?

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये अनेक देशांतून आलेल्या सुमारे 500 लोकांवर एक प्रयोग झाला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरची अनोळखी व्यक्ती थेट डोळ्यांत पाहायची आणि ती नजर फार कमी वाटली की फार जास्त, हे बघणाऱ्याने सांगायचं. सरासरी निघाली 3.3 सेकंद. बहुतेकांना 2 ते 5 सेकंद ठीक वाटले. एका सेकंदापेक्षा कमी किंवा नऊ सेकंदांपेक्षा जास्त नजर कुणालाच आवडली नाही. पण हा प्रयोग पडद्यावरचा होता, त्यात बोलणं नव्हतं. म्हणून या आकड्याकडे अंदाज म्हणूनच पाहावं.

खऱ्या गप्पांमध्ये ऐकणारा जास्त पाहतो आणि बोलणारा कमी. बोलताना शब्द शोधायला नजर बाजूला जाते आणि वाक्य संपताना परत येते. जणू "आता तुम्ही बोला" असं सांगते. अंतराचाही संबंध असतो. एसटीच्या सीटवर खेटून बसलेले दोघे एकमेकांच्या डोळ्यांत फारसे पाहत नाहीत, कारण जवळीक आधीच झालेली असते. तिथे टक लावून पाहिलं तर माणूस अवघडतो.

देश बदलला की अर्थ बदलतो

2013 च्या एका अभ्यासात जपानी आणि फिनलंडच्या लोकांना चेहरे दाखवले. थेट पाहणारा चेहरा जपानी लोकांना अधिक रागीट आणि जवळ न जाण्यासारखा वाटला. याउलट 1966 मध्ये अमेरिकेत अरब आणि अमेरिकन विद्यार्थ्यांच्या गप्पांचं निरीक्षण झालं. त्यात अरब तरुण आपसात जास्त जवळ बसत आणि जास्त थेट पाहत. त्यामुळे आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलाकडे एखादा अरब सहकारी रोखून पाहत असेल, तर तो डोळे वटारतोय असंच नाही. ते आपुलकीचं ऐकणंही असू शकतं.

इथे दीनचा मुद्दाही येतो. सूरह नूरच्या आयत 30 आणि 31 मध्ये आधी पुरुषांना, मग स्त्रियांना नजर खाली ठेवण्याचा हुकूम आहे. तो हया आणि पाकदामनीच्या संदर्भात आहे. दुसरीकडे सूरह लुकमानच्या आयत 18 मध्ये घमेंडीने लोकांपासून तोंड फिरवू नये, असं बजावलं आहे. म्हणजे हया राखणं वेगळं आणि बोलणाऱ्याकडे लक्षच न देणं वेगळं.

खाली नजर म्हणजे खोटं?

2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत केलेल्या एका पाहणीत दिसलं की खोटं बोलणारा नजर चुकवतो, हा समज जवळपास सगळीकडे आहे. प्रत्यक्ष तपासण्यांत मात्र नजर चुकवणं आणि खोटं बोलणं यांचा भरवशाचा संबंध आढळत नाही. पोराने मान खाली घातली म्हणून तोच दोषी, असं घरातही ठरवू नये आणि शाळेतही.

मुलाखतीत काय करायचं?

समजा, गावातली एक मुलगी नागपूरला मुलाखतीला गेली आहे. आत गेल्यावर सलाम किंवा नमस्कार करताना तिने दोन-तीन सेकंद समोर पाहावं. प्रश्न ऐकताना बघत राहावं, उत्तर आठवताना नजर टेबलाकडे गेली तरी चालेल. उत्तराचं शेवटचं वाक्य मात्र समोर पाहून संपवावं. तिघे जण बसले असतील तर विचारणाऱ्याकडे जास्त आणि बाकीच्यांकडे थोडं पाहावं. परपुरुषाच्या डोळ्यांत पाहणं जड जात असेल तर भुवयांच्या मध्ये किंवा नाकाकडे पाहावं. टेबलाच्या अंतरावरून फरक सहसा कळत नाही.

नजर जास्त झाली हेही ओळखता येतं. समोरचा मागे रेलतो, खांदा वळवतो, उगाच कागद किंवा घड्याळ चाळवतो. तेव्हा आपण क्षणभर नजर हलवावी.

ही तालीम घरी दस्तरखानावर करता येते. मुलाला सांगावं, "दादांपुढे नजर खाली, साहेबांपुढे समोर. दोन्ही अदबच आहे."