फेविक्विकने बोटं चिकटली? ओढू नका!

रत्नागिरीत गणपतीचं मखर करताना बोटं चिकटणं नवं नाही. हा गोंद ओलाव्याने घट्ट होतो. कोकणातली दमट हवा आणि घामेजलेली बोटं त्याला पुरतात.

ओढलंत तर गोंदाऐवजी कातडी सुटेल. बोटं साबणाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. कडा पांढरट, मऊ झाल्या की बोटं एकमेकांवर हळूहळू फिरवत सोडवा.

तरीही सुटली नाहीत, तर अ‍ॅसिटोन असलेला नेलपॉलिश रिमूव्हर कापसाने फक्त सांध्यावर लावा. जवळ समई-निरांजन नको, ते लगेच पेटतं. नंतर हात धुऊन खोबरेल लावा.

डोळे, ओठ किंवा जखमेवर अ‍ॅसिटोन अजिबात नको. पापण्या चिकटल्या तर न ओढता थेट डॉक्टरकडे जा.