चवथीचा हलता देखावा पाचव्या दिवसापर्यंत फिरता ठेवायचा तर : छापलेल्या गिअरचा हिशोब

तेरेखोल : चवथीच्या तोंडावर पेडणे, डिचोलीपासून पलीकडे सावंतवाडी, वेंगुर्ल्यापर्यंत घराघरांत देखाव्याची खटपट सुरू होते. कुठे फिरणारं कमळ, कुठे झुलणारा पाळणा. पूर्वी यासाठी जुन्या सायकलच्या चेन, पंख्याच्या मोटारी, खेळण्यांतले गिअर गोळा केले जायचे. आता थ्रीडी प्रिंटर हाताशी आला आहे आणि पोरं गिअर घरीच छापतात. तेरेखोलसारख्या ठिकाणी, जिथून उरलेल्या गोव्यात जायचं तर फेरीबोटीने केरी गाठा नाहीतर रस्त्याने महाराष्ट्रातून वळसा घाला, तिथे एका गिअरसाठी धावपळ न करणं सोयीचंच. पण छापलेला गिअर पहिल्या दिवशी झकास फिरतो आणि तिसऱ्या रात्री ऐन आरतीला करकरायला लागतो, ही तक्रारही नेहमीची. याचं कारण बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसून आधी न केलेल्या हिशोबात असतं.

एक उदाहरण घेऊ. मखरापुढे कमळाची चकती मिनिटाला ४ फेरे घेत फिरवायची आहे. हाताशी १२ व्होल्टची मोटार आहे. तिचे मिनिटाला ६० फेरे होतात आणि ताकद ५ किलो-सेंटीमीटर आहे. म्हणजे वेग १५ पट कमी करायचा. एकाच जोडीत हे करायचं म्हटलं तर १८ दात्यांच्या लहान गिअरसमोर २७० दात्यांचं चाक लागेल. ते साध्या प्रिंटरच्या पाटावर मावणार नाही. म्हणून दोन टप्पे करायचे. पहिल्यात १८ आणि ७२ दाते, म्हणजे ४ पट. दुसऱ्यात २० आणि ७५ दाते, म्हणजे पावणेचार पट. चार गुणिले पावणेचार, बरोबर १५.

लहान गिअर, म्हणजे पिनियन, १८ दात्यांचाच का? जागा वाचावी म्हणून १० किंवा १२ दात्यांचा का नको? नेहमीच्या २० अंशाच्या दात्याला १७ पेक्षा कमी संख्या दिली, की समोरच्या दात्याला वाट करून देण्यासाठी दात्याचं बूड आतून कोरलं जातं. लोखंडात ते कधीमधी चालून जातं. प्लास्टिकचा दाता मात्र नेमका तिथेच मोडतो.

आता मोड्युल. मोड्युल म्हणजे दात्याचं माप. गिअरचा पिच व्यास, म्हणजे जिथे दोन गिअर एकमेकांना लागतात त्या कल्पित वर्तुळाचा व्यास, भागिले दात्यांची संख्या. २० दाते आणि ४० मिलिमीटर व्यास असेल तर मोड्युल २. एकमेकांत बसणाऱ्या दोन्ही गिअरचं मोड्युल एकच हवं, नाहीतर ते जुळणारच नाहीत. पण दोन टप्प्यांचं मोड्युल एकच असायला हवं असं मात्र नाही. उलट ते वेगळं ठेवण्यातच शहाणपण आहे.

कसं ते पाहा. मोटारीवरच्या १८ दात्यांच्या पिनियनला मोड्युल दीड दिलं, तर त्याचा व्यास २७ मिमी होतो. ५ किलो-सेंटीमीटरची ताकद १.३५ सेंटीमीटर त्रिज्येवर लागते, म्हणजे दात्यावर साधारण पावणेचार किलोचा दाब. पहिल्या टप्प्यानंतर वेग चार पट कमी होतो, पण ताकद जवळपास चार पट वाढते. दुसऱ्या पिनियनला मोड्युल २ दिलं, त्याची त्रिज्या २ सेंटीमीटर झाली, तर त्याच्या दात्यावर जवळजवळ १० किलोचा दाब येतो. मोड्युल दीडच ठेवलं असतं तर तो दाब १३ किलोवर गेला असता, आणि दाताही बारीक. अनेकजण मोटारीजवळचा गिअर भक्कम करतात आणि शेवटचा टप्पा नाजूक ठेवतात. हिशोब उलटा सांगतो.

मोड्युल १ पेक्षा खाली तर जाऊच नये. त्या मापाचा दाता मध्यावर जेमतेम दीड मिमी जाड असतो. प्रिंटरच्या ०.४ मिमीच्या नोझलने त्यात चार रेघाही नीट बसत नाहीत. मोड्युल २ चा दाता ३.१४ मिमी जाड होतो, सात-आठ रेघा बसतात. स्लायसरमध्ये भिंती चार ठेवल्या की दाता अख्खा भरीव निघतो. गिअर पाटावर आडवाच छापायचा. उभा छापला तर दाते थरांच्या जोडावर सोलून निघतात.

तिसरी गोष्ट बॅकलॅश, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत प्ले. दोन दात्यांमध्ये थोडी फट हवीच, कारण प्रिंटरचं प्लास्टिक आखल्यापेक्षा किंचित फुगतं आणि पाटाला चिकटलेला पहिला थर बाहेर पसरतो. कागदावरच्या मापाने दोन्ही गिअर घट्ट लावले तर मोटार गरम होते, पण कमळ हलत नाही. उपाय सोपा आहे. दोन अक्षांमधलं अंतर थोडं वाढवायचं. आपल्या दुसऱ्या टप्प्यात ते ९५ मिमी येतं. ते ९५.२५ केलं की दात्यांत ०.१८ मिमीच्या आसपास फट मिळते. इन्व्होल्यूट आकाराच्या दात्याची गंमत अशी, की अंतर इतकंसं वाढल्याने वेगाचं प्रमाण बदलत नाही. FreeCAD मध्ये याच आकाराचा गिअर तयार मिळतो. फट तपासायला वहीचा कागद दुहेरी घडी करून दात्यांत धरा, गिअर एकमेकांवर दाबून स्क्रू आवळा आणि कागद फिरवून बाहेर काढा. झालं.

एकाच दिशेने फिरणाऱ्या कमळाला हा प्ले त्रास देत नाही. पाळणा मात्र दर वळणावर टक्कन वाजतो, कारण तिथे दाब एका बाजूच्या दात्यावरून दुसऱ्या बाजूला उडी मारतो. फट कमी करत बसण्यापेक्षा पाळण्याला एका बाजूने हलकी स्प्रिंग लावावी, म्हणजे दाते कायम एकाच बाजूने टेकून राहतात. आवाजावरून दोषही ओळखता येतो. दर दात्याला टकटक होत असेल तर फट कमी आहे किंवा दाता बोथट छापला गेला आहे. फेऱ्यात एकदाच अडत असेल तर भोक मध्यावर नाही, किंवा थर जिथे सुरू होतो तिथली गाठ एखाद्या दात्यावर आली आहे. ती ब्लेडने खरवडून काढावी.

राहिला फिलामेंट. पाच दिवसांचा गणपती आणि रोज ८ तास देखावा धरला, तर मोटारीवरच्या पिनियनचा प्रत्येक दाता १ लाख ४४ हजार वेळा घासतो. शेवटच्या मोठ्या चाकाचा दाता फक्त ९,६०० वेळा. मग सगळीकडे महाग माल कशाला? झीज खरी पिनियनची होते, तेव्हा दोन्ही पिनियन नायलॉनचे आणि मोठी चाकं पीएलएची, असा जोड चांगला जमतो. नायलॉन घसरट आणि चिवट आहे, झीज सोसण्यात या तिघांत तोच वरचढ. पीएलए ताठ आहे आणि मापात नेमकं छापलं जातं, पण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. तापलेल्या मोटारीच्या दांड्यावर पीएलएचा पिनियन बसवला तर भोक सैल होऊन तो जागीच फिरतो. हॅलोजनजवळही तेच. पीईटीजी उष्णता थोडी जास्त सोसतं, पण त्याच्यावर तेच घासलं की चिकटल्यासारखं होतं.

नायलॉनची खोड म्हणजे ओल. चवथ भाद्रपदात येते आणि नदीकाठच्या हवेत रीळ एका रात्रीत ओल पितं. मग छापताना नोझलमधून तडतड आवाज येतो आणि दाता खरखरीत, पोकळ निघतो. ७० ते ८० अंशांवर ते ८-१० तास सुकवून लगेच छापावं. छापून झालेला गिअरही ओलीने किंचित फुगतो, म्हणून नायलॉनच्या जोडीला अंतर आणखी ०.१ मिमी जास्त द्यावं. दात्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. रोज सकाळी देखाव्याखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसते का ते बघावं. दिसली तर ग्रीस संपलंय किंवा दाते फार घट्ट लागताहेत. दोन पिनियन जास्तीचे छापून मखरामागे ठेवलेले बरे. भोकात नट बसवून स्क्रूने आवळायची सोय असेल तर बदलायला आरतीएवढाही वेळ लागत नाही.