नोमॅड सोपे आणि कुबरनेटिस अवघड?

कुबरनेटिस मोठ्या कंपन्यांसाठी आणि नोमॅड छोट्या टीमसाठी, अशी वाटणी सर्रास केली जाते. तिच्यामागचे कारण खरे आहे: नोमॅड ही एकच बायनरी फाइल आहे आणि ती दुपारभरात चालू करता येते. पण बसवण्याचे काम एकदाच असते, सांभाळण्याचे रोजचे. तीन जणांची टीम, पाच सेवा आणि बाहेर भाड्याने घेतलेला डेटाबेस असे उदाहरण घेऊ. नोमॅडचे स्वतःचे तीन सर्व्हर लागतात, म्हणजे एक बंद पडला तरी उरलेल्या दोघांचे बहुमत टिकते. बाहेरून आलेली विनंती योग्य सेवेकडे वळवायला ट्रॅफिकसारखा प्रॉक्सी आपणच जोडायचा. सेवांनी एकमेकींना शोधण्यासाठी पूर्वी कॉन्सल आणि पासवर्डांसाठी व्हॉल्ट जवळजवळ गृहीतच होते. २०२२ मध्ये आलेल्या १.३ आणि १.४ या आवृत्त्यांपासून ही दोन्ही कामे लहान प्रमाणावर नोमॅडच करतो. जुने लेख वाचून हे दोघे उगाच बसवू नयेत, कारण जोडलेला प्रत्येक भाग मध्यरात्री बंद पडू शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये नोमॅडवर चालणारे रोब्लॉक्स ७३ तास बंद राहिले, तेव्हा मूळ बिघाड कॉन्सलमध्ये होता. रोब्लॉक्सचा पसारा अवाढव्य होता हे मान्य, पण साधेपणा फक्त मुख्य फाइलवरून मोजता येत नाही, हे त्यातून दिसते.

उलट गैरसमज असा की क्लाउडवरचे तयार कुबरनेटिस घेतले की काम संपले. अॅमेझॉनची ईकेएस सेवा कंट्रोल प्लेनसाठी तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलर घेते, आणि त्यात इटीसीडी सांभाळण्याची डोकेदुखी जाते. उरते ते अपग्रेड. वर्षाला तीन आवृत्त्या येतात, प्रत्येकीला सुमारे १४ महिनेच आधार मिळतो, आणि मुदत उलटली तर ईकेएसचा दर तासाला ०.६० डॉलर होतो. २०२१ च्या १.२२ आवृत्तीत इन्ग्रेसचे जुने बीटा एपीआय काढले गेले, तेव्हा जुन्या फाइली लावायला गेल्यावर क्लस्टरने त्या नाकारल्या. म्हणून वर्षातून एकदा तरी चाचणी क्लस्टरवर अपग्रेड करून पाहण्याचा वेळ टीमने धरलाच पाहिजे.

“पुढे वाढलो तर पुन्हा सगळे करावे लागेल,” हा आक्षेप नेहमी येतो. पण कंटेनर इमेज दोन्हीकडे तीच चालते. बदलतात त्या सेवांच्या व्याख्या, डिप्लॉयमेंटची स्क्रिप्ट आणि प्रॉक्सीची मांडणी. पाच सेवांसाठी हे काम आवाक्यातले आहे. त्याच्या भीतीने आजच जड व्यवस्था घेण्याचे कारण नाही.

माझा निर्णय असा: क्लाउडवर असाल आणि टीममध्ये एकाला कुबरनेटिस येत असेल, तर तयार कुबरनेटिस घ्या. स्वतःची यंत्रे असतील, किंवा काही प्रोग्राम कंटेनरशिवायच चालवायचे असतील, तर नोमॅड. आणि सगळे एकाच यंत्रावर मावत असेल व ते बंद पडल्यावर अर्धा तास थांबणे परवडत असेल, तर डॉकर कंपोज पुरेसे आहे.