घर एक, शेपट्या चार

स्पॅनिशमध्ये घर म्हणजे ‘कासा’. त्याला ‘इता’ची शेपटी लावली की ‘कासिता’, म्हणजे घरकुल. पण घर ऐसपैस असलं तरी दमूनभागून परतणारा माणूस लाडानं ‘कासिता’च म्हणतो. आकार तोच, माया जास्त.

‘कासुचा’सुद्धा लहानच, पण ते खोपटं, त्यात हेटाळणी आहे.

मोठेपणाचंही तसंच. ‘कासोना’ म्हणजे घरंदाज वाडा, तर ‘कासेरोन’ म्हणजे बहुधा अवाढव्य, पडका, ओकाबोका वाडा. ‘ग्रांदे’ म्हणजे मोठा. त्याचा ‘ग्रांदोते’ झाला की धिप्पाड. मेक्सिकोत आजी उंच झालेल्या नातवाला कौतुकानं तसं म्हणेल; परक्यानं म्हटलं तर टोमणाही वाटेल.

मेक्सिकोत दुकानदार ‘आओरीता’, म्हणजे ‘आत्ताच’, म्हणाला तर मात्र खुर्ची शोधा.