नऊ चूक, दहा बरोबर

ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला एक असाइनमेंट बहुतेक ठिकाणी ठरलेली असते: फिफो आणि एलआरयू या दोन पद्धतींनी पेज रिप्लेसमेंट करून दाखवा आणि हिट किती, फॉल्ट किती ते मोजा. प्रोग्रॅम फार मोठा नसतो. स्क्रीनवर आकडे उमटतात, ते जर्नलमध्ये उतरवले जातात. एलआरयूचे फॉल्ट फिफोपेक्षा कमी आले की विद्यार्थी निर्धास्त होतो, कारण एलआरयू सरस, हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण पुस्तकांतून हमखास भेटणारं एक उदाहरण असं आहे, की तिथे कमी आलेला आकडाच प्रोग्रॅम चुकल्याचं सांगतो.

आधी मुळात भानगड काय आहे ते पाहू. प्रोग्रॅमला लागणारी सगळी माहिती एकाच वेळी रॅममध्ये मावेल असं नाही. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम तिचे सारख्या आकाराचे तुकडे करते. हे तुकडे म्हणजे पेज. नेहमीच्या पीसीवर एक पेज बहुधा ४ किलोबाइटचं असतं. रॅममध्येही तेवढ्याच मापाच्या जागा असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. हवं असलेलं पेज फ्रेममध्ये सापडलं तर हिट, नाही सापडलं तर पेज फॉल्ट. फॉल्ट झाला की ते पेज डिस्कवरून आणावं लागतं आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ असते. फ्रेम सगळ्या भरलेल्या असतील तर नव्या पेजसाठी जुन्यांपैकी एकाला बाहेर काढावं लागतं. कुणाला काढायचं, एवढाच प्रश्न आहे.

फिफो म्हणजे ‘फर्स्ट इन, फर्स्ट आउट’. जे पेज सर्वांत आधी आलं, तेच आधी जाणार, मग ते आत्ता वापरात का असेना. स्वयंपाकाच्या ओट्यावर मिठाचा डबा सकाळी सर्वांत आधी ठेवला, म्हणून जागा कमी पडताच तोच आधी उचलायचा, असा हा न्याय. एलआरयू म्हणजे ‘लीस्ट रिसेंटली युज्ड’. ही पद्धत आल्याची वेळ पाहत नाही, शेवटचं वापरल्याची वेळ पाहते. ज्याला सर्वांत जास्त वेळ हात लागलेला नाही, ते पेज बाहेर जातं.

आता ते उदाहरण. प्रोग्रॅमने पेजेस या क्रमाने मागितली:

```
1 2 3 4 1 2 5 1 2 3 4 5
```

फ्रेम तीन आहेत आणि सुरुवातीला रिकाम्या आहेत. पहिली तीन पेजेस आत येतात ती फॉल्ट होऊनच. हे तीन फॉल्ट मोजायचे राहिले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. मग ४ येतं, १ जातं. लगेच १ मागितलं जातं, तेव्हा २ जातं. मग २ हवं होतं, ३ जातं. नंतर ५ येतं, ४ जातं. इथपर्यंत सात मागण्या, सात फॉल्ट, आणि दोन्ही पद्धतींत फ्रेममध्ये १, २, ५ हीच पेजेस उरलेली. पुढच्या १ आणि २ या मागण्या दोन्हीकडे हिट होतात.

फाटा फुटतो तो दहाव्या मागणीला. पेज ३ हवं आहे. फिफो १ ला काढतं, कारण तीनही पेजेसमध्ये तेच आधी आलेलं. एलआरयूच्या दृष्टीने मात्र १ आणि २ आत्ताच वापरली गेली आहेत, म्हणून ५ जातं. नंतर ४ येतं तेव्हा फिफो २ ला काढतं आणि एलआरयू १ ला. शेवटची मागणी नेमकी ५ ची! फिफोकडे ५ अजून आहे, तिथे हिट. एलआरयूने ते काढून टाकलेलं, तिथे फॉल्ट. बेरीज अशी: फिफोचे ९ फॉल्ट आणि ३ हिट, एलआरयूचे १० फॉल्ट आणि २ हिट.

म्हणजे इथे फिफो जिंकलं, आणि हे उत्तर बरोबर आहे. एलआरयू मागच्या वापरावरून पुढचा अंदाज बांधतं, आणि या क्रमात तो अंदाज शेवटी फसतो.

नेमकी इथेच प्रोग्रॅममधली नेहमीची चूक लपून राहते. एलआरयू लिहिताना प्रत्येक फ्रेमसाठी शेवटच्या वापराची वेळ ठेवतात. पेज नव्याने आणलं की ती वेळ लिहायचं सगळ्यांना आठवतं. हिट झाल्यावर मात्र फक्त हिटची संख्या वाढवली जाते आणि ही दुसरी ओळ राहून जाते:

```c
hits++;
last_used[i] = t;
```

ती ओळ नसेल तर प्रोग्रॅमकडे फक्त आल्याची वेळ उरते. नाव एलआरयूचं, काम फिफोचं! मग तीन फ्रेमना असा प्रोग्रॅम १० ऐवजी ९ फॉल्ट दाखवतो. दोन्ही आकडे सारखे आले एवढंच वाटतं, आणि एलआरयू निदान मागे तरी पडलं नाही म्हणून शंका येत नाही.

चोरी पकडायची असेल तर चौथी फ्रेम द्यावी. त्याच क्रमाला खऱ्या एलआरयूचे फॉल्ट १० वरून ८ वर येतात. फिफोचे मात्र ९ वरून १० होतात. जागा वाढवली आणि फॉल्टही वाढले! आयबीएममधले लास्लो बेलाडी आणि त्यांचे सहकारी नेल्सन व शेडलर यांनी १९६९ मध्ये हा प्रकार शोधनिबंधात मांडला. तेव्हापासून तो ‘बेलाडीची विसंगती’ म्हणून ओळखला जातो.

हे होतं कसं? सातव्या मागणीनंतर तीन फ्रेमच्या फिफोकडे १, २, ५ असतात, तर चार फ्रेमच्या फिफोकडे २, ३, ४, ५. मोठ्या रॅममध्ये १ नाही, आणि पुढची मागणी १ चीच आहे. तिथून प्रत्येक वेळी जे नुकतंच काढलं तेच परत हवं असतं. एलआरयूत असं घडू शकत नाही. तीन फ्रेम असतील तर त्यात शेवटची वापरलेली तीन वेगळी पेजेस असतात आणि चार असतील तर शेवटची चार. चारांत ती तीन येतातच. त्यामुळे फ्रेम वाढवून एलआरयूचे फॉल्ट कधीच वाढत नाहीत. वाढलेले दिसले तर प्रोग्रॅम चुकला, असं खुशाल समजावं.

प्रत्यक्षातल्या ऑपरेटिंग सिस्टीम मात्र हुबेहूब एलआरयू वापरत नाहीत. रॅमला सेकंदाला कोट्यवधी वेळा हात लागतो. दर वेळी वेळ नोंदवत बसलं तर नोंदीचंच काम मोठं होईल. त्याऐवजी हार्डवेअर पेज वापरल्याची एका बिटची खूण करतं, आणि सिस्टीम ती खूण अधूनमधून पाहून कुठलं पेज थंड पडलंय याचा अंदाज घेते.

जर्नल लिहिणाऱ्याने म्हणून हा क्रम तीन आणि चार, दोन्ही फ्रेमसंख्यांना चालवून पाहावा. हिट आणि फॉल्टची बेरीज दर वेळी १२ यायला हवी. फिफोचे फॉल्ट ९ आणि १०, एलआरयूचे १० आणि ८ आले तरच प्रोग्रॅम सबमिट करावा.